सहा बोटांतला पलसाणा

सुरतेच्या दक्षिणेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे भेटतो, तिथे पलसाणा आहे. समजा, इथल्या एखाद्या दृष्टिहीन माणसाला खानदेशातल्या घरी कळवायचंय : ‘पलसाण्याला पोचलो.’ पण पूर्ण वाक्य राहू द्या, नुसता ‘पलसाणा’ हा एक शब्द फोनच्या काचेवर कसा उमटतो ते पाहू. काचेवर ना खाच, ना उंचवटा. बोटाला कळणार तरी काय?

कळतं ते कानाला. अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर सुरू केला की स्पर्शाचा अर्थच बदलतो. एरवी टेकवलं बोट की बटण दाबलं गेलं. आता बोट टेकवणं म्हणजे नुसतं विचारणं : ‘इथे काय आहे?’ फोन नाव सांगतो आणि थांबतो. बोट काचेवरून फिरवत राहा, तो एकेक वस्तू बोलत राहील, पण एकही उघडणार नाही. टॉकबॅक सुरू असताना अँड्रॉइड एका बोटाचा स्पर्श अ‍ॅपपर्यंत ‘दाबलं’ म्हणून जाऊच देत नाही, ‘वरून फिरतंय’ एवढंच कळवतो.

मग उघडायचं कसं? दोनदा टकटक, म्हणजे डबल टॅप. आणि गंमत अशी की ती टकटक त्या बटणावरच करायची गरज नसते! शेवटी जे नाव ऐकलं ते फोनने धरून ठेवलेलं असतं, तुम्ही स्क्रीनवर कुठेही टकटक करा. मात्र दोन टकटकींमधलं अंतर फार वाढलं, तर फोन त्यांना दोन सुटे स्पर्श समजतो आणि पुन्हा नावंच वाचू लागतो.

कीबोर्डवर प्रत्येक अक्षराला अशी टकटक करत बसलो तर संध्याकाळ व्हायची. म्हणून तिथे दुसरी सोय आहे : बोट सरकवत ‘प’ ऐकू आला की बोट उचलायचं, उचलताच अक्षर उमटतं. तरी ‘पलसाणा’साठी सहा शोध आलेच : प, ल, स, काना, ण, काना. त्यात ‘ण’ आणि ‘न’ यंत्राच्या आवाजात ओळखणं, तेही गोंगाटात? कठीणच.

इथे ब्रेल कामाला येतं. आयफोनमध्ये २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून स्क्रीनवरच ब्रेल टाइप करता येतं. फोन आडवा धरायचा, पडदा स्वतःपासून पलीकडे, आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं मागून काचेवर. डाव्या हाताकडे टिंबं १, २, ३ आणि उजव्या हाताकडे ४, ५, ६. पेटीवर एकदम दोन-तीन सूर धरावेत तशी अक्षराची सगळी बोटं एकत्र टेकवायची आणि उचलायची. शोधाशोध संपली!

‘प’ म्हणजे १-२-३-४. ‘ल’ १-२-३. ‘स’ २-३-४. मग ‘आ’ ३-४-५, ‘ण’ ३-४-५-६ आणि पुन्हा ‘आ’. काना वेगळा नाहीच. व्यंजनामागून ‘आ’ आला की तो काना समजायचा. मग ‘सई’ लिहिताना ‘सी’ होणार नाही का? होईल, म्हणून मध्ये ‘अ’ घालतात : स, अ, ई. शब्द झाला की एक बोट उजवीकडे सरकवलं, की टॉकबॅक मोकळी जागा सोडतो. डावीकडे सरकवलं की शेवटचं अक्षर पुसतो.

आता खरी नवलाई. फोनमध्ये मराठीऐवजी गुजराती ब्रेलचा तक्ता निवडा आणि बोटांच्या त्याच सहा हालचाली करा. स्क्रीनवर ‘पलसाणा’च उमटेल, पण गुजराती लिपीत! १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये आपल्या भाषांच्या समान अक्षरांना समान टिंबं दिली गेली. डोळस माणसाला दुकानाची गुजराती पाटी वाचायला नवी लिपी शिकावी लागते. या बोटांना ‘प’ दोन्हीकडे एकच. अर्थात, तक्ता बदलायचा राहिला तर घरच्या मंडळींना मराठी वाक्य गुजराती अक्षरांत जाईल.

बोट चुकलं तर? ‘ल’मधलं तिसरं टिंब निसटलं की उरतं १-२, म्हणजे ‘ब’, आणि फोन म्हणतो ‘पबसाणा’. कान जागा असला की चूक लगेच सापडते. सगळ्यांत अवघड ‘ढ’, कारण त्याला सहाही टिंबं एकाच वेळी लागतात, आणि काही स्वस्त फोनची काच एका वेळी पाचच स्पर्श मोजते. नवा फोन घेताना दुकानातच ‘ढोल’ टाइप करून बघावा. पहिलं टिंब गळालं तर उरतो ‘ट’, आणि महामार्गावरच्या पलसाण्यातून घरी निरोप जातो तो टोलचा.