पैसे पोचले, पण कोणत्या बिलाचे?

‘पैसे मिळाले, धन्यवाद.’ ग्राहकाला एवढंच कळवलं, की पुढच्या घोळाची सोय झाली.

समजा, एका इंटिरिअर डिझायनरची दोन बिलं थकली आहेत. प्रत्येकी ५०,००० रुपये, अधिक जीएसटी ९,०००, वजा टीडीएस ५,०००. म्हणजे हाती ५४,०००. ग्राहकाने ८०,००० पाठवले. तिची पोच अशी हवी: ‘८०,००० मिळाले, आभार. त्यातून बिल १२ चुकते झाले. उरलेले २६,००० बिल १५ पोटी धरले. त्याचे २८,००० बाकी.’ टीडीएस बाकीत दाखवला, तर ग्राहक चिडणारच!

१८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार रक्कम कोणत्या देण्यापोटी, हे ठरवण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा. तो बोलला नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तरच घेणाऱ्याचा. तेव्हा आधी त्याचा मेसेज नीट वाचावा, मग पोच पाठवावी.