बिल्ला नंबर ४७

करार कायद्यातलं निक्षेपाचं प्रकरण शिकवायला घेतलं की मी आधी पुस्तक उघडत नाही, एक प्रसंग सांगते. साताऱ्याहून एक बाई मुंबईला आल्या आहेत. परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून दुपारच्या नाटकाला जातात. मोठं सामान आत नेऊ देत नाहीत. दाराशी सामान ठेवायची खिडकी आहे, क्लोकरूम. तिथला माणूस बाईंची काळी बॅग घेतो, तिच्या मुठीला दोरीनं एक पितळी बिल्ला बांधतो, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला बाईंच्या हातात देतो, वहीत ‘४७ – काळी बॅग १’ असं लिहितो आणि वीस रुपये घेतो. खिडकीवर पाटी आहे : ‘सामान मालकाच्या जबाबदारीवर. हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.’ मध्यंतर झाल्यावर हा माणूस चहा प्यायला जातो. दाराला कुलूप नाही, नुसतं लोटलेलं. नाटक सुटल्यावर बाई बिल्ला पुढे करतात, तर बॅग जागेवर नाही.

मग चार उत्तरं देते. अ : पाटी लावली होती, नाट्यगृह काही देणं लागत नाही. आ : सामान ताब्यात होतं, तेव्हा कसंही गेलेलं असो, भरपाई द्यायलाच हवी. इ : योग्य ती काळजी घेतली असं नाट्यगृहानं दाखवलं तर ते सुटेल, नाही तर भरपाई देईल. ई : नेमकी कोणाची चूक झाली हे बाईंनी सिद्ध करावं, तरच भरपाई.

वर्गातले निम्मे हात ‘अ’ला वर होतात. ‘‘मॅडम, बोर्ड तर स्पष्ट लावलाय की!’’ बाहेरच्या जगातही हेच होतं. माणूस पाटी वाचतो, मान खाली घालतो आणि घरी जातो. मला ह्याचंच वाईट वाटतं. पाटी लिहिणाऱ्याला कायदा माहीत असो वा नसो, वाचणारा मात्र तिलाच कायदा समजतो.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १४८व्या कलमात निक्षेपाची व्याख्या आहे. एखादी वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि काम झालं की ती परत मिळायची, असा करार म्हणजे निक्षेप. लॉन्ड्रीतली साडी, गॅरेजमधली स्कूटर, सोनाराकडे दुरुस्तीला टाकलेलं मंगळसूत्र आणि आपली ४७ नंबरची बॅग, सगळे निक्षेपच. वस्तू सांभाळणाऱ्यानं किती काळजी घ्यायची, ते १५१वं कलम सांगतं. सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, प्रतीच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी. आणि १५२वं कलम म्हणतं, तेवढी काळजी घेतली असेल तर वस्तू गेली तरी तो जबाबदार नाही.

त्यामुळे ‘आ’ इथे बाद होतं. कायदा सांभाळणाऱ्याला विमा कंपनी करत नाही. पण आपल्या प्रसंगात चहाला गेलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा : त्या फडताळात तुझी स्वतःची बॅग असती, तर दार नुसतं लोटून गेला असतास का? ह्याचं उत्तर त्यालाही ठाऊक असतं. वीस रुपयेच घेतले होते, ही सबबही चालत नाही. जुन्या इंग्लिश कायद्यात फुकट सांभाळणाऱ्यावर कमी आणि पैसे घेणाऱ्यावर जास्त जबाबदारी असे. आपल्या १५१व्या कलमात तो भेद नाही. एक पैसा न घेता बॅग ठेवून घेतली असती, तरी माप हेच राहिलं असतं.

उरला प्रश्न, सिद्ध कोणी करायचं? ‘इ’ आणि ‘ई’ यांच्यातला फरक एवढाच आहे आणि खटला बहुतेक वेळा इथेच जिंकला किंवा हरला जातो. बाई नाटक बघत बसल्या होत्या. खिडकीच्या आत काय घडलं, कोण आलं, दार किती वेळ उघडं होतं, हे त्यांना कसं कळणार? म्हणून बाईंनी दोनच गोष्टी दाखवायच्या : बॅग दिली होती आणि ती परत मिळाली नाही. बिल्ला त्यासाठीच असतो. त्यापुढे खुलासा करण्याचा भार सांभाळणाऱ्यावर येतो, कारण काय घडलं ते त्यालाच माहीत असतं.

सर्वोच्च न्यायालयानं हे नोव्हेंबर २०१९ मध्ये फार स्पष्ट करून सांगितलं. प्रकरण दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचं होतं. १९९८च्या ऑगस्टमधली रात्र. एका पाहुण्यानं आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगला दिली, किल्ली दिली आणि पावती घेतली. पावतीवर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर उभी केली आहे. दोन तासांनी पाहुणा बाहेर आला, तेव्हा गाडी गेलेली होती. दुसऱ्या गाडीतून आलेल्या तरुणांपैकी एकानं टेबलावरची किल्ली उचलून ती पळवली होती. विमा कंपनीनं पाहुण्याला २,८०,००० रुपये दिले आणि मग दोघं मिळून हॉटेलच्या विरोधात ग्राहक न्यायालयात गेले.

हॉटेलवर काळजीचा विचार न करता सरसकट जबाबदारी टाकायला न्यायालयानं नकार दिला, म्हणजे ‘आ’ तिथेही नाकारलं गेलं. पण गाडी ताब्यात घेतल्यावर ती परत देता आली नाही, तर निष्काळजीपणा झाला असं प्रथमदर्शनी धरलं जाईल आणि तो झाला नाही हे हॉटेलनं दाखवायचं, असं न्यायालय म्हणालं. किल्ल्या कोणालाही उचलता येतील अशा ठेवल्या होत्या. आणि पावतीवरच्या त्या वाक्याबद्दल न्यायालयानं सांगितलं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं वाक्य छापून झटकता येत नाही. हॉटेल हरलं. आपल्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर ‘इ’ का, ते ह्यावरून कळेल.

पण मी तिथे थांबत नाही. प्रसंगातली एकच गोष्ट बदलते आणि पुन्हा हात वर करायला सांगते.

समजा, माणूस जागेवरच होता, दाराला कुलूप होतं आणि चार जणांनी चाकू दाखवून कुलूप फोडलं. आता नाट्यगृह सुटेल. ‘अ’चा निकाल लागला खरा, पण तो पाटीमुळे नव्हे, १५२व्या कलमामुळे. पाटी काढून टाकली तरी तो तसाच लागला असता.

आता उलटं बघू. नाटक सुटलं, बाईंनी बिल्ला पुढे केला, पण खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘‘चावीवाला गेला हो ताई, उद्या सकाळी या.’’ बाई हात हलवत परतल्या आणि त्या रात्री शेजारच्या इमारतीची आग पसरून क्लोकरूम जळाली. आगीत नाट्यगृहाची तीळमात्र चूक नाही. तरीही भरपाई द्यावी लागेल. १६१वं कलम सांगतं की सांभाळणाऱ्याच्या कसुरीमुळे वस्तू वेळेवर परत दिली गेली नाही, तर त्या वेळेपासून पुढच्या नुकसानीला तो जबाबदार. इथे काळजीचा प्रश्नच विचारला जात नाही. १९१७ साली इंग्लंडमध्ये एका बाइंडरकडे पुस्तकं बांधायला दिली होती. मागूनही वाजवी वेळेत ती परत मिळाली नाहीत आणि नंतर आगीत जळाली. भरपाई बाइंडरनं दिली. मघाशी बाद केलेलं ‘आ’ इथे बरोबर ठरतं. लॉन्ड्रीवाला ‘उद्या देतो’ म्हणत आठवडा काढतो, तेव्हा तो ह्याच कलमाखाली जाऊन बसलेला असतो.

‘ई’ला जागा देणारा प्रसंग मला सगळ्यात आवडतो, कारण तो वरवर अगदी साधा आहे. समजा, खिडकी नाही, नाणं टाकून उघडायची कपाटं आहेत. बाई स्वतः बॅग ठेवतात, कुलूप लावतात, किल्ली पर्समध्ये टाकतात. ह्यात बॅग नाट्यगृहाच्या हाती आली का? मद्रास उच्च न्यायालयापुढे १९३८ मध्ये असंच प्रकरण आलं होतं. एका बाईंनी सोनाराकडे नवे दागिने घडवायला दिले होते. रोज संध्याकाळी काम थांबलं की त्या अर्धवट घडलेले दागिने परत घ्यायच्या, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवायच्या आणि किल्ली घेऊन घरी जायच्या. एका रात्री दागिने चोरीला गेले. न्यायालय म्हणालं, दागिने रोज संध्याकाळी बाईंच्याच ताब्यात परत येत होते, तेव्हा त्या रात्री निक्षेप नव्हताच. सोनार सुटला. किल्ली आपल्याकडे असते तिथे दुसऱ्याची चूक दाखवण्याचं ओझं बरंचसं आपल्याच अंगावर येतं.

ह्याउलट लंडनमधल्या एका उपाहारगृहात १८९४ साली वेटरनं न सांगता पाहुण्याचा कोट काढून घेतला आणि मागच्या खुंटीला टांगला. कोट गेला, भरपाई उपाहारगृहानं दिली. पाहुण्यानं स्वतः खुंटीला अडकवला असता, तर निकाल बहुधा वेगळा लागला असता. इतका बारीक फरक, पण ताबा कुणाकडे गेला हे त्यावरच ठरतं.

आता रकमेकडे येऊ. बाई सांगतात, बॅगेत चार साड्या होत्या, तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप होता आणि साडीच्या घडीत तीन तोळ्यांच्या बांगड्या. साड्या आणि लॅपटॉप प्रवासाच्या बॅगेत असणारच, त्यांची वापर वजा जाता किंमत मागायला अडचण नाही. जुनी बिलं, फोनमधले फोटो इथे कामाला येतात. बांगड्यांचं तसं नाही. नुकसानभरपाईचं ७३वं कलम सांगतं की जे नुकसान सामान्यपणे घडणारच, किंवा करार करताना दोघांना जे माहीत होतं, तेवढ्याचीच भरपाई. शिवाय काळजीचं माप वस्तूच्या किमतीवर बेतलेलं आहे. ‘काळी बॅग १’ एवढंच वहीत लिहिणाऱ्याला तीन तोळे सोनं आपल्या फडताळात आहे हे कुठून ठाऊक असणार? बांगड्यांची रक्कम बाईंना मिळणं कठीण आहे.

खिडकीवर उभं असतानाच तोंड उघडलं, तर गोष्ट बदलते. ‘‘आत दागिने आहेत, तसं लिहून घ्या’’ असं म्हटलं की माणूस एक तर वहीत लिहील किंवा म्हणेल, ‘‘आम्ही दागिने ठेवत नाही.’’ लिहिलं तर त्या नोंदीचा फोटो काढून ठेवावा. नाही म्हणाला, तर बांगड्या पर्समध्ये टाकाव्यात आणि बॅग तेवढी ठेवावी. आणि बॅग हरवलीच, तर बिल्ला खिडकीवर परत द्यायचा नाही, कितीही मागितला तरी. त्याचा फोटो काढून, लेखी तक्रारीची पोच घेऊनच बाहेर पडायचं. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि तिथे बाईंनी टेबलावर पहिल्यांदा ठेवायची वस्तू म्हणजे तो पितळी ४७ नंबर.