कोणता शब्द कोणत्या दिवशी?

जर्मनच्या बी१ परीक्षेसाठी गोएथे इन्स्टिट्यूटने जी शब्दसूची ठरवली आहे, तिच्यात साधारण २,४०० शब्द आहेत. एका शब्दाला दहा सेकंद धरली तरी ती एकदा नजरेखालून घालायला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो. पुण्यात माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्यांत नोकरी सांभाळून शिकणारे बरेच असतात. त्यांना रोज अर्धा तास मिळाला तरी खूप झाला. मग ते वहीच्या पहिल्या पानापासून उजळणी सुरू करतात. पहिली दहा पाने तोंडपाठ होतात आणि पुढची तशीच राहतात. जे येते तेच पुन्हा वाचण्यात तो अर्धा तास संपलेला असतो.

हा प्रश्न हिशेबाचा आहे आणि तो सर्वांत नेटकेपणाने सोडवला पोलंडमधल्या एका विद्यार्थ्याने. पिओत्र वोझ्नियाक पोझ्नानला शिकत असताना इंग्रजी शब्द पाठ करत होता. १९८५ मध्ये त्याने एकेका पानावर शब्दांच्या चाळीस जोड्या लिहिल्या आणि वेगवेगळ्या अंतराने उजळणी करून पाहिली. किती दिवस थांबले तरी विसरलेले शब्द शेकडा पाचाच्या आसपासच राहतात, हे त्याला शोधायचे होते. उत्तर आले ते असे: पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सात दिवसांनी, तिसरी सोळा आणि चौथी पस्तीस दिवसांनी. प्रत्येक वेळी शब्द आठवला की पुढचा मुक्काम दुपटीहून अधिक लांब जात होता. १९८७ मध्ये त्याने हेच संगणकावर आणले, पण पानाऐवजी एकेका शब्दाला स्वतंत्र वेळापत्रक दिले. आज आन्कीसारखी जी ॲप मुले वापरतात, त्यांची मुळे त्याच पद्धतीत आहेत.

तिचा नियम कागदावरही पाळता येतो. नवा शब्द दुसऱ्या दिवशी विचारायचा. आला तर सहा दिवसांनी. तेव्हाही आला तर मागच्या अंतराच्या अडीच पट दिवसांनी, आणि पुढे दर वेळी अडीच पट. चुकला तर पुन्हा एका दिवसापासून सुरुवात.

‘दी बेशाइनिगुंग’ हा शब्द घ्या. अर्थ दाखला. जर्मनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात सरकारी कचेरीत कानावर पडणारा. समजा तो १ जूनला शिकलात. पहिली उजळणी २ जूनला, दुसरी ८ जूनला. सहाच्या अडीच पट पंधरा, म्हणून तिसरी २३ जूनला. मग अडतीस दिवसांनी ३१ जुलै, पंचाण्णव दिवसांनी ३ नोव्हेंबर, आणि त्यानंतरची थेट पुढच्या वर्षीच्या २९ जूनला. जवळजवळ तेरा महिन्यांत फक्त सहा उजळण्या, आणि त्यांना लागलेला एकूण वेळ एक मिनिट. ३१ जुलैला तो आठवला नाही, तर मात्र १ ऑगस्टला परत, मग ७ ऑगस्टला, मग २२ ऑगस्टला. चुकलेला शब्द वारंवार समोर येतो आणि येणारा शब्द वाटेतून बाजूला होतो. सगळी बचत इथे आहे.

अंतर वाढवत नेल्याने शब्द मेंदूत जास्त खोल रुजतो, असा समज मात्र पसरला आहे आणि तो तपासून घ्यायला हवा. कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कठीण इंग्रजी शब्दांवर प्रयोग केले. दहा मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाढत्या अंतराचा गट पुढे होता, पण दोन दिवसांनी घेतलेल्या चाचणीत समान अंतराने उजळणी केलेला गट सरस ठरला. वाढत्या अंतराच्या गटाला पहिला प्रश्न लगेचच विचारला जात होता आणि त्यात आठवायचे कष्टच पडत नव्हते. म्हणजे आठवणीला बळ मिळते ते थोडे विसरायला झाल्यावर प्रयत्नाने आठवण्यातून. अंतर वाढवायचे ते हजारो शब्द रोजच्या अर्ध्या तासात बसावेत म्हणून. माझ्या मते हे कारण पुरेसे मोठे आहे.

त्यामुळे शब्द शिकल्यावर पाच मिनिटांत तीनदा घोकून ‘आला’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. रात्र मध्ये जाऊ द्या. आणि विचारताना उत्तर झाकलेलेच हवे. कार्डाच्या एका बाजूला ‘दाखला’, दुसऱ्या बाजूला ‘दी बेशाइनिगुंग’, लिंगदर्शक ‘दी’सकट. मराठी बाजू बघून जर्मन शब्द तोंडाने म्हणायचा, मगच कार्ड उलटायचे. जर्मन बघून अर्थ ओळखणे सोपे असते, आणि तेवढेच केलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडतो.

पद्धत सोडून देणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी थकतात. सुरुवातीच्या आठवड्यात काम हलके असते, म्हणून ते उत्साहाने रोज वीस नवे शब्द घालत जातात. पण हिशेब करा. पाच महिन्यांनंतर एखाद्या दिवशी कालचे वीस, सात दिवसांपूर्वीचे वीस, बावीस दिवसांपूर्वीचे, साठ दिवसांपूर्वीचे आणि एकशे पंचावन्न दिवसांपूर्वीचे वीस, असे शंभर शब्द उजळणीला येतात. त्यात चुकून परत आलेले वेगळे. एकही शब्द चुकला नाही आणि प्रत्येकाला दहा सेकंद लागली, तरी सतरा मिनिटे झाली, आणि नवे वीस शब्द अजून बाकीच आहेत. दोन-तीन दिवस खंड पडला की ढीग साचतो आणि ॲप उघडावेसेच वाटत नाही. रोज दहाच नवे शब्द घातले तर हाच आकडा पन्नासवर थांबतो.

वेळापत्रक आपल्याला जमते आहे का, हे चुकांच्या प्रमाणावरून कळते. दहापैकी साधारण नऊ शब्द आठवत असतील तर ठीक. जवळजवळ एकही चुकत नसेल तर उजळणी लवकर होते आहे, वेळ वाया जातो आहे. दहातले तीन-चार चुकत असतील तर नवे शब्द झेपत नाहीत किंवा कार्डे नीट केलेली नाहीत.

काही शब्द मात्र कोणत्याच वेळापत्रकाला दाद देत नाहीत. ‘एर्लाउबेन’ म्हणजे परवानगी देणे आणि ‘एर्लेबेन’ म्हणजे अनुभवणे. ही जोडी माझ्या वर्गात दर वर्षी कुणाला ना कुणाला छळते. एकाचे कार्ड आले की दुसऱ्याचा अर्थ तोंडी येतो, दोन्ही चुकतात, दोन्ही पहिल्या दिवसावर येतात आणि पुन्हा एकत्रच समोर उभी राहतात. आन्की आठ वेळा चुकलेल्या कार्डावर आपोआप खूण करते आणि त्याला जळू म्हणते. अशा जळवेला आणखी उजळणी देऊन काही होत नाही. दोघांपैकी एक कार्ड सरळ काढून टाका, दुसरे पक्के झाल्यावर महिन्याभराने परत घाला, आणि त्याला नुसत्या शब्दाऐवजी वाक्य द्या: ‘आई मला जाऊ देत नाही.’ वाक्यात शब्दाची जागा ठरलेली असते, म्हणून गोंधळ कमी होतो.

जर्मनच काय, कोणतीही भाषा शिकत असाल तर आज रात्री दहाच शब्दांची कार्डे करा आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात उद्याची तारीख पेन्सिलीने लिहा. शब्द आठवला की ती खोडून पुढची घाला. दमलात तर नवे शब्द आठवडाभर बंद ठेवा, पण त्या दिवसाची तारीख असलेली कार्डे तेवढी पाहून घ्या.