वाफ पकडायची तर मागून उजेड

डिलिव्हरी ॲपच्या बॅनरवर बिर्याणीची जी हंडी दिसते, तिच्यात तीन गोष्टी हव्या असतात: कडेला कणकेची मोहोर, वर चढणारी वाफ आणि शीत न शीत मोकळा भात. खऱ्या दमात मात्र या तिन्ही एकत्र दिसत नाहीत. मोहोर शाबूत असते तोवर भात झाकलेला असतो, आणि झाकण उघडलं की पहिली दाट वाफ बघता बघता निघून जाते. म्हणून फोटोग्राफर आणि फूड स्टायलिस्ट हा क्षण जुळवून आणतात.

हैदराबादी कच्च्या गोश्तची बिर्याणी घेऊ. मसाल्यात मुरवलेल्या कच्च्या मटणावर अर्धवट शिजवलेल्या बासमतीचा थर देतात आणि बाकीचा भात दमात पूर्ण शिजतो. फोटोसाठी वरच्या थराचा तांदूळ वेगळा शिजवलेला बरा. जुना बासमती अर्धा तास भिजवून भरपूर उकळत्या मीठ-पाण्यात सोडायचा आणि मधोमध किंचित कणी असतानाच उपसून परातीत पसरायचा. ढिगात ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने शिजत राहतो, टोकं फाटतात. मोठ्या पडद्यावर फाटलेलं शीत लगेच ओळखू येतं. थोडा भात केशराच्या दुधात रंगवून पांढऱ्या भातावर हाताने विखुरतात; चमच्याने ढवळला की सगळाच पिवळा होतो. हंडी खोल असते, म्हणून तळाशी वाटी उपडी घालून भात तोंडापर्यंत वर आणतात.

मोहोरही आधी भाजून घ्यावी लागते. ताजी कणीक फोटोत पांढरटच दिसते. तांबूस, तडे गेलेली पट्टी पाहिली की हंडी चुलीवरून उतरली आहे हे पटतं. ती अर्धी काठावर ठेवून झाकण तिरकं टेकवतात.

खरं कसब वाफेचं. वाफ दिसते म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब दिसतात, आणि पांढऱ्या भिंतीपुढे ते दिसतच नाहीत. मागे गडद पडदा आणि हंडीच्या मागून तिरका उजेड असला की प्रत्येक लहर उजळते. समोरून फ्लॅश मारला तर वाफ जवळजवळ गायब! खोली गार असेल तर ती जास्त दाट दिसते. भात निवला असेल तर कपड्यांच्या स्टीमरने हंडीमागून वाफ सोडतात. ती भातावरच सोडली तर शितं भिजून एकमेकांना चिकटतात.

सजावट सगळ्यात शेवटी होते. पुदिना उष्णतेने काळवंडतो, तळलेला कांदा वाफेने मऊ पडतो. म्हणून कॅमेरा, उजेड, चौकट सगळं पक्कं झाल्यावरच पानं बर्फाच्या पाण्यातून काढून, टिपून, चिमट्याने ठेवतात. बॅनर आडवा असतो, त्यावर सवलतीचा मजकूर येतो. म्हणून हंडी एका बाजूला आणि दुसरी बाजू मोकळी.

वाफ बाहेरून आणली तरी गिऱ्हाइकाच्या ताटात काही कमी होत नाही. फोटोत उकडलेलं अंडं आणि मटणाचे चार मोठे तुकडे दाखवून डब्यात दोनच दिले, तर ती सरळ फसवणूक. म्हणून चांगला स्टायलिस्ट मांडणीला हात घालण्याआधी हॉटेलकडून एक नेहमीचा डबा मागवतो, तो रिकामा करून तुकडे मोजतो आणि तेवढेच हंडीत मांडतो.