३० ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरावी?

गुडघ्याची झीज झाली की दुखणे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही आणि त्यासाठी दोन औषधे बहुतेक घरांत येतात: चोळायचे जेल आणि गिळायची गोळी. दोन्हींतले औषध अनेकदा एकच असते, डायक्लोफेनॅक किंवा त्याच्या कुळातले दुसरे एखादे. तरीही जेलला वरवरचा उपाय समजायचे आणि गोळीला खरे औषध, असा सर्वसाधारण समज आहे. पोट आणि मूत्रपिंड या दोन अवयवांच्या दृष्टीने पाहिले तर हा समज महागात पडणारा आहे.

जेलमधले डायक्लोफेनॅक त्वचेतून आत जाते आणि खालच्या सांध्यात साठते. रक्तात मात्र ते फार थोडे उतरते. एका गुडघ्याला पूर्ण मात्रेत जेल लावले तरी गोळ्यांच्या नेहमीच्या मात्रेने रक्तात जेवढे औषध येते, त्याच्या साधारण ६ टक्केच येते. गुडघा आणि हाताचे सांधे त्वचेच्या जवळ असल्याने तिथे जेल चांगले लागू पडते. खुब्याचा सांधा स्नायूंखाली खोल असतो, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही.

‘जेल लावून पाहिले, काही फरक पडला नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. तिचे उत्तर बहुतेक वेळा ट्यूबमध्ये सापडते. आपल्याकडे मिळणाऱ्या १.१६ टक्के जेलची एका वेळची मात्रा २ ते ४ ग्रॅम, आणि ती दिवसातून तीन ते चार वेळा लावायची असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली जेलची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. म्हणजे एका गुडघ्याला एका वेळी निदान अशा चार रेघा हव्यात. दोन ग्रॅम तीनदा, असा कमीत कमी हिशेब धरला तरी दिवसाला सहा ग्रॅम होतात आणि ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते. घरात ती महिनाभर पुरत असेल, तर सांध्याला औषध मिळालेलेच नाही. लावल्यावर जाणवणारा गारवा किंवा चुरचुर मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटची असते, डायक्लोफेनॅक पोचल्याची ती खूण नव्हे. शिवाय परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जखमेवर किंवा पुरळ आलेल्या जागी जेल लावू नये, लावल्यावर प्लास्टिक गुंडाळू नये किंवा शेकू नये. दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि आणखी चार ठिकाणी एकदम लावले तर रक्तात जाणारे प्रमाणही वाढते, त्यामुळे मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी जेलही डॉक्टरांना सांगूनच वापरावे.

गोळीची गोष्ट वेगळी. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाही. या शोधासाठी त्यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांचे काम याच तत्त्वावर चालते. सांध्यात प्रोस्टाग्लँडिन सूज आणि दुखणे वाढवतात, पण जठरात तेच आम्लापासून रक्षण करणारा चिकट थर टिकवून धरतात. गोळी रक्तावाटे सगळीकडे जाते, तिला सांधा आणि जठर वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणूनच ‘इंजेक्शन घेतले, पोटाला त्रास नाही’ हे खरे नाही, आणि जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी झाली तरी व्रणाचा धोका टळत नाही.

पोटातला व्रण अनेकदा न दुखताच वाढतो, कारण दुखणे दाबणारी गोळी चालूच असते. पहिली खूण डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शौच असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती तशी चिकट नसते. अशी खूण दिसली, रक्ताची उलटी झाली किंवा घेरी येऊन अंग गळाले, तर गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. वय पासष्टच्या पुढे असणे, पूर्वी व्रण झालेला असणे, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टिरॉइड चालू असणे, यांतल्या प्रत्येक गोष्टीने धोका वाढतो. अशा वेळी डॉक्टर सोबत पँटोप्राझोलसारखी गोळी देतात. ती जठराला चांगले सांभाळते, पण मूत्रपिंडासाठी काहीच करत नाही. ही बाब फार कमी लोकांना माहीत असते.

समजा, ६६ वर्षांच्या एका बाई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी घेतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल रोज दोनदा चालू आहे. मे महिन्यात त्यांना जुलाब होतात, पण औषधे चुकायला नकोत म्हणून त्या सगळ्या गोळ्या नेमाने घेतात. मूत्रपिंडातली गाळणी पाण्याच्या टाकीसारखी दाबावर चालते. आत येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात, ते एसिक्लोफेनॅकने बंद पाडले. बाहेर जाणारी वाहिनी टेल्मिसार्टनने सैल केली. अंगातले पाणी हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि जुलाबांनी घटवले. नळ बारीक, तोटी उघडी आणि पाणीही कमी. गाळणीतला दाब कोसळतो. दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, पाय सुजतात, मळमळते. बऱ्याचदा तेही होत नाही. मूत्रपिंड दुखत नाही, त्यामुळे बिघाड रक्ताच्या तपासणीतच कळतो. वेळीच गोळी थांबवून पाणी भरून काढले तर बहुतेकांचे कार्य सावरते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर असते त्यांचे पूर्णपणे सावरेलच असे नाही.

याच औषधाने भारतातल्या गिधाडांचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद करण्यात आले. माणसाचे शरीर ते कितीतरी सहज पचवते, पण इंद्रिय तेच आहे.

तपासणीचा अहवाल वाचतानाही चूक होते. क्रिएटिनिन १.० हा आकडा ‘नॉर्मल’ छापलेला असतो. तिशीतल्या पुरुषात त्याचा अर्थ गाळण्याचा वेग शंभरच्या आसपास असा होतो. ६६ वर्षांच्या बाईत तोच आकडा साधारण ६२ दाखवतो. म्हणून अहवालात ईजीएफआर हा आकडा पाहावा. तो ६० च्या खाली असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, ३० च्या खाली असेल तर त्या टाळल्याच जातात.

गोळी लागलीच तर सर्वांत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी घ्यावी. एकाच कुळातल्या दोन गोळ्या वेगळ्या नावांनी एकत्र चालू नाहीत ना, हे पट्टीमागे छापलेल्या घटकांवरून पाहावे. एक हाडांच्या डॉक्टरांची आणि दुसरी दुकानदाराने दिलेली, असे सहज घडते. पोटाला सौम्य म्हणून दिली जाणारी इटोरिकॉक्सिबही मूत्रपिंडाला सौम्य नाही, आणि हृदयविकार असलेल्यांना ती देत नाहीत. नुसते पॅरासिटामॉल पोटाला आणि मूत्रपिंडाला सुरक्षित आहे, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा परिणाम बेताचाच. जुलाब, उलट्या किंवा उन्हाने अंग सुकलेले असताना ही गोळी बंद ठेवावी आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. रोज घेणे भागच असेल तर सुरुवातीपूर्वी आणि एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन तपासावे, सोबत रक्तदाबही मोजावा, कारण या गोळ्या तोही वाढवतात.