गाडी उचलणारं तेल

गॅरेजमधल्या हायड्रॉलिक लिफ्टवर १२०० किलोची गाडी चढवली. तिचं वजन साधारण १२,००० न्यूटन. खालच्या मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर तेलात ४ लाख पास्कल दाब हवा. पाण्यात ४० मीटर खोल गेल्यावर पाण्यामुळे एवढाच दाब पडतो.

हा दाब शाळेतल्या यू-नळीच्या मॅनोमीटरने मोजता येईल का? नळीत पाणी भरलं, तर दोन बाजूंच्या पातळीत ४० मीटरचा फरक पडेल. म्हणजे तेरा-चौदा मजली नळी! पारा पाण्याहून १३.६ पट घन, तरी फरक जवळजवळ ३ मीटर. म्हणून गॅरेजात काटा असलेला गेज लावतात.

बंदिस्त तेलात दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. त्यामुळे ५ चौरस सेंटिमीटरच्या छोट्या दट्ट्यावर २०० न्यूटन जोर पुरतो, साठावा हिस्सा. पण फुकट काहीच नाही: गाडी एक सेंटिमीटर वर जायला छोटा दट्ट्या साठ सेंटिमीटर सरकावा लागतो. म्हणूनच पंप पुन्हापुन्हा मारतात. तेलात हवा शिरली, तर आधी तीच दबते. पंप स्पंजासारखा मऊ लागतो आणि गाडी हलत नाही.