कुंडीतला कढीपत्ता काठीसारखा का वाढतो?

शहरातल्या बाल्कन्यांमध्ये कढीपत्त्याचं एक ठरावीक रूप दिसतं. चार फुटांचं उघडंबोडकं खोड, टोकाला पानांचा एक झुबका आणि सगळं झाड गजांच्या दिशेनं कललेलं. घरातली माणसं मनापासून त्याला ताक घालतात, शेणखत घालतात, आणि झाड आणखी उंच होतं. फोडणीसाठी मात्र रोज शोधून शोधून पानं काढावी लागतात. अशा झाडाला बहुतेक वेळा खत कमी पडलेलं नसतं, कात्री कमी पडलेली असते.

कढीपत्ता हा मुळात मोठा होणारा वृक्ष आहे. जमिनीत तो सहज पंधरा-वीस फूट जातो. त्याच्या शेंड्याच्या कोंबात तयार होणारं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खोडावरच्या बाजूच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. हे डोळे प्रत्येक पानाच्या बेचक्यात झोपलेले असतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाच्या लगेच खालचे दोन किंवा तीन डोळे फुटतात. आपण नेमकं उलट करतो. शेंडा कोवळा, तांबूस-हिरवा, छान दिसतो म्हणून त्याला हात लावत नाही आणि खालची जून पानं ओरबाडत राहतो. खालून खोड उघडं पडतं, वरून शेंडा धावतच असतो.

एक रोप घेऊन हे सगळं क्रमानं पाहू. जागा पुण्यातली, पश्चिमेची बाल्कनी, महिना जून, रोप नर्सरीतलं, फूट-दीड फुटाचं. नर्सरीत माळीदादा बहुधा भरगच्च दिसणारी पिशवी पुढे करतात. ती नीट पाहावी, कारण पुष्कळदा तो भरगच्चपणा एकाच पिशवीत दाटीनं उगवलेल्या चार-पाच रोपांचा असतो. एकाच कुंडीत ती सगळी वाढली तर पाण्यासाठी आणि जागेसाठी आपसांत झगडतात आणि एकही धड होत नाही. अशी पिशवी आणलीच तर पावसाळ्यात माती पाण्यात भिजवून रोपं हलक्या हातानं सोडवावीत, सगळ्यांत जोमदार ठेवावं, बाकीची शेजाऱ्यांना द्यावीत. त्यापेक्षा एकच जाड बुंधा असलेलं, बुटकं रोप कधीही चांगलं.

मोठी कुंडी हवी हे खरं, पण पहिल्याच दिवशी नको. सोळा इंची कुंडीत एवढंसं रोप लावलं की ज्या मातीपर्यंत मुळं पोचलेलीच नाहीत ती पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहते, आंबते, आणि मुळं कुजतात. म्हणून जूनमध्ये आठ-दहा इंची कुंडी पुरे. सोळा ते अठरा इंचीत ते पुढच्या फेब्रुवारीअखेर जाईल. भरलेली सोळा इंची कुंडी पाणी घातल्यावर चाळीस किलोंच्या आसपास जाते, तेव्हा ती कुठे ठेवायची हे भरण्याआधी ठरवावं. तिची जागा बाल्कनीच्या जमिनीवर, खाली विटांचे किंवा लाकडाचे तुकडे देऊन. ती कठड्यावर किंवा गजांच्या स्टँडवर कधीही नको.

माती हलकी हवी. पुण्या-नगराकडची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की कडेनं भेगा पडून पाणी त्या भेगांतूनच खाली निघून जातं. निम्मी लाल माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि उरलेला पाव भाग कोकोपीट व जाड वाळू मिळून, एवढं पुरतं. वर मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवला की माती वाहून जात नाही आणि भोकंही बुजत नाहीत. पावसाळ्यात खालची ताटली काढूनच टाकावी. तिच्यात मुळं भिजत राहतात आणि डेंग्यूचे डासही होतात.

उन्हाचा हिशेब बाल्कनीत जमिनीपेक्षा वेगळा असतो. कढीपत्त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत वर्षभर अर्ध्या दिवसाचं ऊन साधारण मिळत राहतं. दक्षिणेच्या बाल्कनीचं तसं नाही. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन थोडंच येतं आणि डिसेंबरात मात्र तिरकं होऊन आतपर्यंत पोचतं. अशा ठिकाणी एप्रिल-मेमध्ये कुंडी अगदी कठड्याजवळ सरकवावी. पश्चिमेला अडचण वेगळी असते: दुपारनंतर कुंडीची बाजूच तापते आणि कडेची मुळं भाजतात. पुढे दोन बुटक्या कुंड्या आडोशाला ठेवल्या की पानांना ऊन मिळतं, मातीला सावली. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवली तर झाड एका बाजूला कलत नाही.

आता पहिला काप. जूनमध्ये लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत रुजलेलं असतं आणि नवी पानं काढत असतं. खोड मातीपासून सुमारे एक फुटावर, एखाद्या पानाच्या थोडंसं वर, धारदार कात्रीनं कापावं. जीव तुटतो, पण कापावं. ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार आठवड्यांत खालचे डोळे फुगतात आणि एका शेंड्याचे दोन-तीन होतात. ते वितीएवढे वाढले की पुढचा काप या प्रत्येकाचा. अशा तीन फेऱ्यांत एकाचे सात-आठ शेंडे होतात. झाड गोल, अडीच-तीन फुटांचं राहतं आणि बुंध्याजवळही पानं असतात.

मधे हिवाळा येतो आणि तिथे लोक घाबरतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडल्या की कढीपत्ता वाढ थांबवतो, जुनी पानं पिवळी होऊन गळतात, काही झाडं बरीच उघडी पडतात. हे दुखणं नाही. या काळात खत देऊ नये, काप घेऊ नये, आणि पाणी निम्म्यावर आणावं. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. हिवाळ्यात गेलेली बहुतेक झाडं थंडीनं जात नाहीत, काळजीपोटी घातलेल्या पाण्यानं जातात. खोडाची साल नखानं किंचित खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, फेब्रुवारीत ते फुटेल.

फेब्रुवारीअखेर कोंब फुटू लागले की झाड मोठ्या कुंडीत हलवावं आणि दुसरा, जरा मोठा काप घ्यावा. याच सुमारास काही शेंड्यांवर पांढऱ्या कळ्यांचे गुच्छ येतात. सुवास सुंदर असतो, पण ज्या शेंड्याला फूल आलं त्याची पानांची वाढ तिथेच संपते. पानांसाठी झाड लावलं असेल तर कळ्या दिसताच गुच्छ त्याच्या खालच्या पानासकट खुडावा. इथून ऑक्टोबरपर्यंत महिन्याला दोन मुठी गांडूळखत, किंवा तीन दिवस भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी दहापट पातळ करून, पुरेसं आहे.

एकदा फांद्या झाल्या की स्वयंपाकासाठीची तोडणी हीच छाटणी होते. आपण ज्याला एक पान म्हणतो ती खरं तर पर्णिका. मधल्या देठासह पंधरा-वीस पर्णिकांचं मिळून एक पान होतं, आणि एका फोडणीला तेवढं एक पुरतं. पर्णिका ओरबाडून नागडा देठ झाडावर ठेवू नये. घाईच्या दिवशी पूर्ण पान देठापासून खाली ओढून काढावं. जास्त लागणार असेल तेव्हा सगळ्यांत लांब फांदीचा शेंडा तीन-चार पानांसकट कापून आणावा. पोहे, कढी, सांबार काहीही असो, कात्री शेंड्याला लागते आणि झाड दाटच होत जातं.

पिवळेपणाची दोन रूपं ओळखता यायला हवीत. जुनी, खालची पानं सरसकट फिकट होत असतील तर भूक आहे, खत द्यावं. पण नवी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. लोह मातीत असतं, पण बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते घेता येत नाही. ताकाच्या जुन्या सवयीत तथ्य आहे ते इथे. आंबट ताक मातीचा अल्क थोडा उतरवतं. मात्र ते बिनमिठाचं हवं, दहापट पाण्यात, महिन्यातून एकदाच. मिठाचं उरलेलं ताक कुंडीत ओतणं म्हणजे मुळांवर मीठ साचवणं. पिवळेपणा फारच असेल तर कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून एका लिटरला अर्धा ग्रॅम या मापानं पानांवर संध्याकाळी फवारावं, आणि पुढचे काही दिवस त्या पानांना हात लावू नये.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं इथेही येतात. कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं दिसतं. त्यातून निघणारी छोटी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्याच्या मागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वासासह. अशा दोन-तीन अळ्या लहान झाड आठवड्यात साफ करतात. खाण्याच्या पानांवर विष फवारण्याचं काही कारण नाही. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहून अळ्या हातानं उचलाव्यात. झाड मोठं असेल तर मी एक फांदी त्यांच्यासाठी सोडावी या मताची आहे. फुलपाखरं आपल्या बाल्कनीत जन्माला येणं हेही काही कमी नाही. शेंड्याची पानं वळून चिकट झाली आणि त्यांवर बारीक पांढरे तंतू दिसले तर ती सिला नावाची रसशोषक कीड. तो शेंडा कापून पिशवीत बांधून फेकावा. नवा कोंब निरोगी येतो.

मोठ्या कुंडीत दोन वर्षांनी मुळं भिंतीला वेटोळं घालतात. पाणी घातल्याबरोबर खालून निघून जातं आणि नवी पानं लहान येतात, ही त्याची खूण. फेब्रुवारीअखेर झाड बाहेर काढून मातीच्या गोळ्याची कडेची आणि तळाची इंचभर मुळं सुरीनं कापावीत आणि ताज्या मिश्रणासह त्याच कुंडीत परत लावावं. मुळं कमी केली तर वरूनही तेवढंच उतरवायला हवं, म्हणून त्याच दिवशी फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. त्या दिवशी निघालेला भाराभर पाला धुऊन सावलीत सुकवावा, सुकं खोबरं, तीळ, लाल मिरची आणि चिंचेच्या बुटकासह परतून कुटावा. त्याची चटणी महिनाभर टिकते.